नमुन्याची गोणी

आमच्या खोलीच्या भिंतीवर एका गोणीचा फोटो लावलेला होता. सिमेंटची भरलेली गोणी. उजवीकडून तिरका उजेड. आणि मधोमध शिक्का: आठवडा, वर्ष, बॅच नंबर. ठिपका न् ठिपका मोजून घ्यावा इतका स्पष्ट. खाली मला काम शिकवणाऱ्या भिंगताईंच्या अक्षरात लिहिलं होतं, 'फोटो असा असावा.'

नव्याने येणाऱ्याला वाटायचं, ही कुठली तरी जाहिरात आहे. मलाही तसंच वाटलं होतं.

दारावर 'साहित्य तपासणी' अशी पाटी होती आणि मी साहित्याची पदवीधर. भिंगताईंच्या यजमानांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे चुकून बरोबर ठिकाणी आलीस." त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आमच्या ऑफिसच्या खालीच होतं. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. दुकानात घड्याळं कमी आणि खुर्च्या जास्त होत्या, कारण लोक दुरुस्तीपेक्षा गप्पांना यायचे. ताईंच्या गळ्यातलं भिंग त्यांचंच. काळ्या दोऱ्यात ओवलेलं. ताई ते क्वचितच डोळ्याला लावत, पण नाव मात्र त्यावरूनच पडलं.

आमचं काम फोटो वाचण्याचं. आमच्या बांधकाम कंपनीच्या लांब लांब सात-आठ साइट होत्या. कुठे शाळा, कुठे गोदाम, कुठे दवाखाना. माल उतरला की तिथला स्टोअरकीपर फोटो पाठवायचा. सिमेंटचा माल असेल तर गोणीवरचं छापील: प्रकार, ग्रेड, वजन, आणि कारखान्यात गोणी भरताना पडलेला शिक्का. तो महत्त्वाचा. बाकीचं छापील सगळ्या गोण्यांवर सारखंच असतं. सिमेंट कधीचं आहे ते शिक्काच सांगतो. तीन महिन्यांवर गेलेलं सिमेंट चाचणी केल्याशिवाय वापरायचं नाही, असा आमचा नियम.

सळयांचं वेगळं. त्यांच्यावर शाई नसते. लाल तापलेली सळई रोलमधून जाते तेव्हा अक्षरं तिच्या अंगावरच उठतात. कारखान्याची खूण, ग्रेड, जाडी. साधारण दर मीटरला तेच पुन्हा. आम्ही ते वाचायचं, नकाशात मागितलेल्या मालाशी ताडून बघायचं आणि 'वाचलं, योग्य' असं कळवायचं. ते गेलं की साइटवाले माल वापरायला मोकळे.

"आणि वाचता आलं नाही तर?" मी पहिल्या आठवड्यात विचारलं होतं.

"तर लिहायचं, वाचता येत नाही. पुन्हा पाठवा."

"अंदाज येत असला तरी?"

"अंदाज घरी. इथे नाही."

मी फोटो मोठा करून करून बघायचे. ताई मागून म्हणायच्या, "लहान कर. आणखी. आता मागे सरक आणि डोळे बारीक कर." मोठं केलं की नुसते चौकोन दिसायचे. लहान केलं की त्यातून तीनचा आकडा वर यायचा. मला गंमत वाटायची. ताईंना नाही वाटायची. त्या पुढच्या फोटोवर गेलेल्या असायच्या.

एकदा मला एका शाळेच्या साइटचे फोटो सापडले. दोन वेगळ्या दिवसांचे. दोन्हींत सळईवरच्या ग्रेडच्या पाचशेमधला पाच फुटका होता. पोटाजवळ चिरलेला. मी खुर्चीतून उठलेच.

"ताई, ही एकच सळई आहे. तीच दोनदा दाखवलीय यांनी."

त्यांनी बघितलं. "पाच फुटलाय म्हणून?"

"अगदी तसाच फुटलाय ना."

"बस. अक्षर सळईवर कोण कोरतं?"

"रोल."

"मग रोलवरचा पाच फुटला तर?"

मी बसले. रोलवरचा पाच फुटला तर त्या रोलमधून निघालेल्या प्रत्येक सळईवर पाच फुटकाच निघणार. शेकडो सळयांवर.

"गोणीचंही तेच," त्या म्हणाल्या. "शिक्क्याच्या यंत्रातलं शाईचं एक भोक तुंबलं की त्या दिवसाच्या सगळ्या शिक्क्यांत एक रेघ गायब. कारखान्यात झालेली खोड सगळ्यांना सारखी असते. एकीला ओळखायचं तर कारखान्यातून बाहेर पडल्यावर तिला काय झालं ते बघ. खरचटलंय कुठे, गंज कुठे धरलाय, कोणाचा हात लागलाय."

"माणसांसारखंच की," मी म्हणाले.

"पुढचा फोटो उघड," ताई म्हणाल्या.

दवाखान्याच्या साइटवर एक स्टोअरकीपर होते. आम्ही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. सळईवरची अक्षरं उठून दिसावीत म्हणून ते त्यावर आडवा खडू फिरवायचे. उंचवट्यांना पांढरं लागायचं, खोलगट भाग काळा राहायचा. इतर साइटवालेही फिरवायचे, पण यांचा खडू नेहमी डावीकडून उजवीकडे, एकाच दमात. फोटोच्या कडेला कधी अंगठा यायचा, त्यालाही खडू. ताई त्यांना खडूवाले म्हणत. "खडूवाल्यांचे आले का?" हे रोजचं वाक्य होतं.

सुरुवातीला खडूवाल्यांच्या गोण्यांचे फोटो फार वाईट यायचे. माल लांबून यायचा. गोण्या एकमेकींवर घासून शिक्के पुसट व्हायचे. त्यात त्यांच्या फोनच्या काचेवर धूळ. ताई लिहायच्या, 'वाचता येत नाही. पुन्हा पाठवा.' ते पुन्हा पाठवायचे. ताई पुन्हा तेच लिहायच्या. एकदा तर गवंडी, मजूर, मिक्सर, सगळे अर्धा दिवस बसून राहिले होते म्हणे, एका आकड्यासाठी.

मग अचानक त्यांचे फोटो सुधारले. नुसते सुधारले नाहीत, सगळ्या साइटमध्ये पहिला नंबर. ताई इतक्या खूश झाल्या की त्यांनी एक फोटो छापून घेतला, भिंतीवर लावला आणि बाकीच्या सगळ्या साइटना पाठवला. तोच तो. 'फोटो असा असावा.'

"शिकला बघ माणूस," त्या म्हणाल्या होत्या. "सांगणारा पाहिजे."

ते सगळं मी यायच्या आधीचं. मी आले तेव्हा फोटो भिंतीवर होता आणि खडूवाल्यांचं नाव निघालं की ताईंच्या आवाजात जरा कौतुक असायचं.

त्या दिवशी दवाखान्याच्या वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी माल उतरला होता. स्लॅब भरायची तारीख ठरली होती. खडूवाल्यांचा फोटो आला. मी वाचून दाखवला. प्रकार बरोबर, ग्रेड बरोबर, शिक्का आठवडा एकोणीस. तेव्हा सव्विसावा आठवडा चालू होता. सात आठवडे जुनं, म्हणजे चालण्यासारखं.

"मागच्या वेळी कितवा होता?" ताईंनी विचारलं.

मी मागचा काढला. एकोणीस.

"त्याच्या मागचा?"

एकोणीस.

"दुकानदाराकडे एकोणीसचा मोठा साठा असेल," मी म्हणाले. असं होतं कधी कधी.

ताई उठल्या. भिंतीवरचा फोटो काढला, मागच्या पिना टेबलावर एका ओळीत ठेवल्या आणि फोटो माझ्या स्क्रीनशेजारी धरला. मग गळ्यातलं भिंग खरोखरच डोळ्याला लावलं.

बॅचच्या शेवटच्या आकड्यावरून शाई जराशी ओढली गेली होती. अंगठ्याएवढा डाग. ओली असताना कोणाचा तरी हात लागलेला. आकडा वाचता येत होता म्हणून आम्ही कधी डागाकडे पाहिलंच नव्हतं. भिंतीवरच्या फोटोत तो होता. आज आलेल्या फोटोतही होता. तोच आकार, तीच जागा.

"कारखान्यातली खोड नाही ही," मी हळू म्हणाले.

"नाही."

मग आम्ही सळयांचे काढले. जाडीच्या सोळा आकड्यापासून बोटभर अंतरावर गंजाचा एक ठिपका. त्याला शेपटी फुटलेली. मागच्या फोटोत तोच. त्याच्या मागच्यातही तोच. खडू मात्र दर वेळी ताजा.

म्हणजे इतके आठवडे आम्ही एकच गोणी आणि एकच सळई पुन्हा पुन्हा वाचत होतो. बाकीचा माल कोणीच वाचला नव्हता. खालच्या मजल्याचे कॉलम त्याच मालात उभे राहिले होते.

मी ताईंकडे बघितलं. त्या पिना डबीत टाकत होत्या. एकेक.

"साहेबांना सांगावं लागेल," त्या म्हणाल्या.

"ताई, त्यांची नोकरी जाईल."

"हो."

"आधी फोन करून विचारू या का त्यांना?"

"विचारलं की ते उत्तर देतील. मग आपण ते उत्तर वाचत बसू." त्या उठल्या. "माल बघायला पाहिजे."

साहेब म्हणजे कंपनीचे मुख्य इंजिनिअर. शांत माणूस. रागावले की आणखी शांत. त्यांनी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. स्लॅब थांबवायला सांगितलं. मग म्हणाले, "खोटा फोटो म्हणजे घरी. नियम तुम्हालाही माहीत आहे."

"माहीत आहे. मीच टाइप केलाय तो."

"उद्या मी साइटवर जातोय."

"मीही येते."

साहेबांनी वर बघितलं. इतक्या वर्षांत ताई एकदाही साइटवर गेल्या नव्हत्या.

"तुम्ही कशाला?"

"वाचायला."

संध्याकाळी ताईंनी दुकानात ही हकिगत सांगितली तेव्हा घड्याळवाले एका मनगटी घड्याळाचं पोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "त्यानं लबाडी केली असेल असं वाटतं का तुला?"

"काय वाटतं ते विचारू नका."

"बरं. मग शिडीवर चढता येतं का, ते विचारतो."

"जिना असेल की."

"बांधकामावर जिना सगळ्यात शेवटी होतो गं." त्यांनी खणातून एक छोटा गोल आरसा काढला आणि ताईंच्या पर्समध्ये टाकला. "मागची बाजू बघायला लागते कधी कधी."

साइट गावाबाहेर होती. खालचा मजला उभा, वर स्लॅबच्या फळ्या अर्ध्या ठोकलेल्या. पत्र्याच्या स्टोअरसमोर एक माणूस उभा होता. बारीक, पांढरे केस, खिशाला खडूची पूड. मी अंगठ्यावरून ओळखलं.

"या या," खडूवाले म्हणाले. "मॅडम स्वतः आल्या. मला आधी कळवायचं ना, चहा सांगून ठेवला असता."

साहेब सरळ म्हणाले, "फोटोतली गोणी दाखवा."

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. उलट चेहरा उजळलाच. ते आत गेले, कोपऱ्यातलं एक प्लॅस्टिक बाजूला केलं. खाली फळी, फळीवर गोणी. एकटीच. कोरड्या फडक्यानं पुसलेली. वर डाग, अंगठ्याएवढा.

"ही तुमची," ते ताईंना म्हणाले. "हिला कोणाला हात लावू देत नाही मी. एकानं वापरायला काढली होती, त्याला असा झापला की विचारू नका."

भिंतीवर खिळ्याला तारेनं सळईचा एक हातभर तुकडा टांगलेला होता. गंजाचा ठिपका, शेपटी. बाजूच्या कोनाड्यात खडू.

"आणि ही सळई," ते म्हणाले.

मला तिथून बाहेर जावंसं वाटलं.

ताईंनी विचारलं, "हे असं का ठेवलंत तुम्ही?"

"म्हणजे?" आता ते गोंधळले. "तुम्हीच लिहायचात ना, वाचता येत नाही म्हणून. इथे गोण्या येतात त्या सगळ्या घासलेल्या. शंभरात पाच धड नसतात. लोक बसून राहायचे, मुकादम माझ्या नावानं ओरडायचा. मग ही एक सापडली. झकास शिक्का. म्हटलं, हीच ठेवू बाजूला. मॅडमना स्वच्छ फोटो पाहिजे ना, तर स्वच्छ देऊ." ते थांबले. "तुम्ही तर तो सगळीकडे पाठवलात. मुकादमानं दाखवला मला. घरी बायकोला पण दाखवला मी."

"अहो, फोटो स्वच्छ पाहिजे होता म्हणजे आलेल्या मालाचा," साहेब म्हणाले.

"माल बरोबर आहे की साहेब. मी स्वतः बघून उतरवतो. फोटोत दिसत नाही, एवढंच." मग हळूहळू त्यांच्या ध्यानात येत गेलं. चेहऱ्यावरून ते सरकताना दिसलं. त्यांनी प्लॅस्टिक पुन्हा गोणीवर ओढलं, मग काढलं, मग हातातच धरून उभे राहिले.

"माल बरोबर आहे," ते पुन्हा म्हणाले. या वेळी जरा हळू.

"तेच बघायला आलोय," ताई म्हणाल्या. "खडू आणा."

कॉलम भरून झाले होते, पण त्यांच्या सळया वर निघालेल्या होत्या, पुढचा मजला जोडण्यासाठी. छातीइतक्या उंच. आत गाडलं गेलेलं स्टील तेच वर उभं होतं. आम्ही फक्त फोटोकडे बघत आलो होतो म्हणून मला हे सुचलंच नसतं. शिडी होती. ताई चढल्या. एका हातानं साडीचा काठ आवरत, मध्ये एकदा थांबत, पण चढल्या. खालून खडूवाले म्हणत होते, "सावकाश, ताई. घाई नाही." मॅडमचं ताई कधी झालं ते त्यांनाही कळलं नसावं.

मागोमाग आम्हीही चढलो. पहिल्या कॉलमला आठ सळया. खडूवाल्यांनी खडू फिरवला, डावीकडून उजवीकडे, एकाच दमात. अक्षरं वर आली. ताईंनी वाचलं, साहेबांनी नकाशात बघितलं.

"पाचशे. सोळा. खूण तीच."

दुसरी. तिसरी. चौथीची अक्षरं आतल्या बाजूला होती, दुसऱ्या सळईच्या आड. ताईंनी पर्समधून आरसा काढला आणि मागे धरला. अक्षरं उलटी दिसत होती. त्यांना काही फरक पडला नाही. "पाचशे. सोळा."

असं करत कॉलम झाले. एकीकडे दुसऱ्याच कारखान्याची खूण निघाली. ताईंनी ग्रेड वाचली, जाडी वाचली. "कारखाना वेगळा, माल तोच." साहेबांनी मान हलवली, लिहून घेतलं, दुसऱ्या कारखान्याचा दाखला मागवायचा म्हणाले.

कोपऱ्यातल्या कॉलमला एका सळईवर काहीच सापडेना. सगळीकडून खडू फिरवला. आरसा फिरवला. नुसत्या तिरक्या कडा.

"बाजूच्यांसारखीच आहे हो ती," खडूवाले म्हणाले. "एकाच बंडलातली. मी स्वतः सोडलंय बंडल."

"असेल," ताई म्हणाल्या. "पण वाचता येत नाही."

पुन्हा तेच वाक्य. खडूवाल्यांनी खडू खिशात ठेवला.

मग साहेबांनीच टेप काढली. शेजारच्या सळईवर दोन खुणांमधलं अंतर मोजलं. या सळईचा उघडा भाग त्याहून थोडा कमी भरत होता. "म्हणजे खूण काँक्रीटच्या तोंडाशीच असली पाहिजे," ते म्हणाले. एका गवंड्याला बोलावून सळईच्या बुडाशी छिन्नीनं हळूहळू चार बोटं उकरायला लावलं. खडूवाले गुडघ्यावर बसून फुंकर मारत होते. आधी सोळाचा सहा दिसला. मग एक. त्याच्या खाली पाचशे.

"पाचशे. सोळा," ताई म्हणाल्या. खडूवाल्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

सिमेंटचं सोपं नव्हतं. वापरलेलं सिमेंट परत गोणीत येत नाही. पण रिकाम्या गोण्या स्टोअरमागे बंडलं बांधून ठेवलेल्या होत्या, मोजून परत द्यायच्या म्हणून. खडूवाल्यांनी प्रत्येक बंडल कुठल्या कामाचं ते सांगितलं आणि मुकादमानं दुजोरा दिला. ताई उलट्या घमेल्यावर बसल्या. मी एकेक गोणी पसरायचे, त्या वाचायच्या. एका गोणीवर आठवड्याचा पहिला आकडा, दुसरीवर दुसरा, तिसरीवर बॅचची शेपटी. बॅचचे जुळणारे आकडे आणि एकाच दिवसाची ती गायब रेघ बघून त्या तीन अर्धवट गोण्यांची मिळून एक पूर्ण करायच्या. सतरा. एकोणीस. बावीस. कॉलमच्या बंडलात सतराहून जुनं काही नव्हतं.

"हे असं मला कोणी सांगितलंच नाही," खडूवाले म्हणाले. "तीन पुसट फोटो पाठवले असते की. माझ्याकडे पुसटच पुसट आहेत."

"मीही सांगितलं नाही," ताई म्हणाल्या. गोणीवरून मान न उचलता.

शेवटी स्टोअरमधली थप्पी. पुढच्या रांगा चोवीस आणि पंचवीसच्या. मागच्या भिंतीला एक रांग होती, तिच्यापुढे नवा माल लावत गेलेले. ताईंनी आरसा फटीतून आत घातला. मग सांगितलं, "हे पुढचं काढा." गोण्या निघाल्या. मागच्या रांगेवर आठवडा अकरा. तीन महिन्यांवर गेलेलं सिमेंट. स्लॅबला तेही वापरलं गेलं असतं.

"नवं दाराशी पडतं, तेच आधी उचलतात," खडूवाले म्हणाले. "जुनं मागे राहतं. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं." मग त्या एकट्या गोणीकडे बघून म्हणाले, "रोज हिच्याकडे बघत होतो."

साहेबांनी मागची रांग बाजूला काढायला लावली, चाचणीसाठी. मग हात झटकले. "स्टील बरोबर आहे. कॉलमचं सिमेंट जुनं नव्हतं. तुमची लबाडी नव्हती, हेही मी मानतो. पण इतके आठवडे आम्ही न बघितलेल्या मालाला होकार देत होतो. तुमचे फोटो आता मी कसे मानू? नियम आहे."

खडूवाल्यांनी नुसती मान हलवली. फडकं घेऊन ती गोणी पुसायला लागले. सवयीनं.

"साहेब," ताई म्हणाल्या, "फोटो यांनी खोटा काढला नाही. मी जे मागितलं तेच त्यांनी दिलं. आणि मी ते भिंतीवर लावलं."

"म्हणून काय करू? दोघांना काढू?"

"कोणाला काढू नका. इमारत होईपर्यंत फोटोच्या वेळी दुसरं कोणीतरी इथे उभं राहायला पाहिजे. मग मानाल?"

"इथे कोण येऊन राहणार? गावाबाहेर, पत्र्याखाली? ऑफिसमधलं कोणी तयार होणार नाही."

"मी राहते."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मला काही माहीत आहे. मला काहीच माहीत नव्हतं. सकाळपर्यंत त्या शिडीवर चढलेल्या नव्हत्या. त्यांच्या टेबलावर त्यांची पाण्याची बाटली होती, त्यांची उशी खुर्चीला बांधलेली होती. मला वाटायचं, ती खोली म्हणजेच त्या.

"ताई, ऑफिसचं काय?" मी विचारलं.

"तू आहेस की."

"मला एवढं येत नाही."

"वाचता आलं नाही तर काय लिहायचं ते येतं ना?" त्या म्हणाल्या आणि खडूवाल्यांकडे वळल्या. "ती गोणी आता वापरून टाका हो. आधी वय बघा तिचं."

"सातच आठवडे," खडूवाले म्हणाले. "तरुण आहे अजून."

साहेब हसले नाहीत, पण 'ठीक आहे' म्हणाले.

घड्याळवाल्यांनी ऐकलं तेव्हा ते बराच वेळ स्क्रू शोधत राहिले, जो समोरच होता. मग म्हणाले, "रोज जाऊन येऊन?"

"पहिली गाडी, शेवटची गाडी."

"म्हणजे मी इथे बसून सगळ्यांना वेळ सांगणार आणि माझी बायको गाडीच्या वेळेवर." मग मला म्हणाले, "ती सांगत नाही तुला, पण तिला उजेड आवडतो. त्या खोलीला खिडकी नाहीये ना."

हे मला कधी दिसलं नव्हतं. ताईंबरोबर मी महिनाभर त्या खोलीत बसत होते.

आता भिंतीवर फोटो नाही. पिनांची भोकं आहेत. भिंगाचा दोरा ताईंच्या गळ्यात, ताई साइटवर. दुपारी दवाखान्याचे फोटो येतात. तीन-चार पुसट गोण्या, एकीवर पाऊण शिक्का, दुसरीवर अर्धा. सळईवर ताजा खडू. कडेला दोन अंगठे असतात, एक खडूचा, एक कोरडा. मी फोटो लहान करते, मागे सरकते, डोळे बारीक करते.

काल तीन गोण्या जोडूनही बॅचचा शेवटचा आकडा निघेना. आठ किंवा तीन. मी बराच वेळ बघत राहिले. मग फोन वाजला.

"काय गं, कुठे अडलीस?" ताई. मागे मिक्सरची घरघर होती आणि खडूवाले कोणाला तरी सांगत होते, नवं मागे लाव, नवं मागे.

"शेवटचा आकडा. मला आठ वाटतोय."

"वाटतोय?"

"दिसत नाही."

"इथेही दिसत नाही. पन्नास गोण्या उलथ्यापालथ्या केल्या आम्ही. आठवडा दिसतोय ना?"

"हो. सत्तावीस. तिन्हींवर."

"मग आठवडा लिही. आणि पुढे जे आहे ते लिही. साहेब विचारतील तेव्हा आम्ही दोघं सांगू."

मी लिहिलं. आठवडा सत्तावीस, वाचलं. बॅचचा शेवटचा आकडा वाचता येत नाही. साइटवरही नाही.

पुन्हा पाठवा, हे मी लिहिलं नाही.